महिन्याची खुर्ची, तासाची खोली

कोवर्किंगच्या दरपत्रकावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो खुर्चीचा महिन्याचा भाव. त्याखाली बारीक अक्षरात मीटिंग रूमचे तास, क्रेडिट, मुदत, वेळा असं काहीबाही असतं. जागा शोधायला निघालेला माणूस वरचा आकडा डोक्यात ठेवून चार ठिकाणी फिरतो आणि जिथे तो कमी दिसतो तिथे पैसे भरून मोकळा होतो. दोन महिन्यांनी बिलाकडे नीट पाहिलं की कळतं, खुर्चीने फारसं काही नेलेलं नाही. पैसे गेले ते मीटिंग रूममध्ये. पुण्या-मुंबईत आणि आता नाशिक-नागपुरातही घरून काम करणारे बरेच जण या जागांकडे वळत आहेत, त्यामुळे हा हिशोब नेमका कसा बसतो ते एकदा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

अशा जागांची सुरुवातच अर्धवेळ वापरातून झाली. 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग या संगणक-अभियंत्याने एका जागेत काही टेबलं मांडली, तीही आठवड्यातून फक्त दोन दिवसांसाठी. एकट्याने काम करणाऱ्यांनी तिथे यावं, शेजारी बसून आपापलं काम करावं, एवढीच त्यामागची कल्पना. रोज न येणाऱ्याकडून किती पैसे घ्यायचे, हा प्रश्न या धंद्याला तेव्हापासूनच चिकटला आहे. आजचे सगळे प्लॅन ही त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

डे पासमध्ये तुम्ही एका दिवसाचे पैसे देता आणि त्या दिवशी मोकळी असेल ती खुर्ची घेता. दहा पास एकदम घेतले तर ते क्रेडिट म्हणून खात्यात जमा होतात आणि प्रत्येक फेरीला एक कापला जातो. हॉट डेस्कमध्ये महिनाभर केव्हाही येण्याची मुभा असते, पण ठरलेली खुर्ची नसते. लोकलच्या पासासारखंच ते. पास असला म्हणजे खिडकीची जागा आपली झाली असं नाही. संध्याकाळी निघताना टेबल रिकामं करावं लागतं, विसरलेला चार्जर दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरच्या डब्यात सापडतो. डेडिकेटेड डेस्कमध्ये मात्र टेबल तुमचंच. मॉनिटर, फाइली, पाण्याची बाटली सगळं तिथेच ठेवून जाता येतं आणि बहुधा खाली कुलपाचा एक खणही मिळतो. पण ते टेबल असतं मोकळ्या हॉलमध्येच. दार लावून बसायचं तर केबिन घ्यावी लागते आणि केबिनचा भाव वेगळा.

आता हिशोब एका उदाहरणावर मांडू. समजा, कोथरूडला राहणारी एक इंटिरियर डिझायनर आहे. आठवड्यातून तीन दिवस बाहेर बसून काम करायचा तिचा विचार आहे, म्हणजे महिन्याला साधारण 13 दिवस. दर आठवड्याला एका ग्राहकाबरोबर सव्वा तासाची बैठक होते. घराचा नकाशा टेबलावर पसरून बोलायचं असतं, त्यामुळे कॉफी शॉपमध्ये भागत नाही. महिन्याला अशा चार बैठका, म्हणजे पाच तास मीटिंग रूम लागणार.

तिच्या हातात आलेलं दरपत्रक असं धरू. दहा डे पासांचं पॅक 4,000 रुपयांना, म्हणजे एक पास 400 रुपयांना पडतो. सुटा पास 450 रुपये. हॉट डेस्क महिना 6,000 आणि त्यात मीटिंग रूमचे दोन तास. डेडिकेटेड डेस्क 8,500 आणि त्यात पाच तास. चौघांच्या मीटिंग रूमचा भाव तासाला 400. हे आकडे मी हिशोबासाठी घेतले आहेत. तुमच्या गल्लीतले दर वेगळे असतील, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं साधारण याच धर्तीचं आढळेल. सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, तो तूर्त बाजूला ठेवू.

पहिल्या फेरीत गणित सोपं वाटतं. डे पासने गेली तर 13 दिवसांचे 5,200 आणि खोलीचे 2,000 मिळून 7,200. हॉट डेस्क घेतला तर 6,000 आणि दोन तास वजा जाऊन उरलेल्या तीन तासांचे 1,200, म्हणजे पुन्हा 7,200. डेडिकेटेडमध्ये पाचही तास धरलेले, म्हणून सरळ 8,500. कागदावर पहिले दोन पर्याय अगदी बरोबरीला येतात. अशा वेळी कुणीही म्हणेल की डे पासच बरा, न गेलेल्या दिवसाचे पैसे वाचतील. बरेच जण हिशोब इथेच थांबवतात. माझ्या मते खरा हिशोब इथून पुढे सुरू होतो.

मीटिंग रूमचं बुकिंग मिनिटांवर होत नाही. कुठे अर्ध्या तासाचा टप्पा असतो, कुठे पूर्ण तासाचा. आपल्या डिझायनरची बैठक सव्वा तासाची आहे. अर्ध्या तासाचा टप्पा असेल तर दर बैठकीला दीड तास कापला जाईल आणि महिन्याचे पाच तास सहा होतील. पूर्ण तासाचा टप्पा असेल तर दर बैठकीला दोन तास जातील, म्हणजे महिन्याला आठ. बैठका त्याच आणि वेळही तीच, तरी फक्त बुकिंगच्या नियमामुळे तीन तासांचा फरक पडला. ही अट दरपत्रकावर क्वचितच दिसते. बुकिंगचं अ‍ॅप उघडून सुरुवातीची आणि संपण्याची वेळ निवडायला गेलं की कळतं. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा तिथल्या कम्युनिटी मॅनेजरला अ‍ॅपवर एक बुकिंग प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. अकरा ते सव्वाबारा टाका आणि किती क्रेडिट कापले जातात ते स्वतः पाहा.

दुसरी बारीक अक्षरातली ओळ आहे सभासदांच्या दराची. तासाला 400 हा भाव अनेक ठिकाणी फक्त महिन्याच्या सभासदांसाठी असतो. डे पासवाला त्यांच्या लेखी बाहेरचा माणूस, त्याला तीच खोली महाग पडते. ती तासाला 600 रुपये धरू. आता अर्ध्या तासाच्या टप्प्याने सहा तासांचा हिशोब पुन्हा करा. डे पासचे 5,200 आणि खोलीचे 3,600 मिळून 8,800. हॉट डेस्कचे 6,000 आणि चार जादा तासांचे 1,600 मिळून 7,600. डेडिकेटेडचे 8,500 आणि एका जादा तासाचे 400 मिळून 8,900. म्हणजे मघाशी हॉट डेस्कच्या बरोबरीला असलेला डे पास आता जवळजवळ डेडिकेटेडइतका महाग झाला. पूर्ण तासाचा टप्पा असलेल्या जागेत तर डे पास 10,000 वर जातो, डेडिकेटेड 9,700 वर आणि हॉट डेस्क 8,400 वर. ज्याला बैठका नाहीत, त्याच्यासाठी यातलं काहीच लागू नाही. तो नुसता लॅपटॉप घेऊन येणार असेल तर महिन्याला 15 दिवसांपर्यंत पॅकचा डे पास हॉट डेस्कपेक्षा महाग पडत नाही. या दरपत्रकात हॉट डेस्कचं पारडं जड होतं ते खोलीमुळे.

खोलीच्या आकाराचाही प्रश्न आहे. दरपत्रकात दोन तास लिहिलेले असले तरी आत ते बहुधा क्रेडिट असतात, आणि एक क्रेडिट म्हणजे चौघांच्या खोलीचा एक तास. ग्राहक नवरा-बायको, त्यांचे आई-वडील आणि आपण, असे पाच जण जमले तर आठ जणांची खोली घ्यावी लागते. तिथे तासाला दोन क्रेडिट जातात. हॉट डेस्कबरोबर मिळालेले दोन तास मग एका तासात संपतात. घराची सजावट ठरवताना आपल्याकडे अख्खं घर बसतं, हे इंटिरियरवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे हा मुद्दा तिच्यासाठी नुसता कागदावरचा नाही.

क्रेडिट उरले तर पुढच्या महिन्यात जातात का, हा प्रश्न लोक विचारतात आणि उत्तर बहुधा नाही असंच येतं. महिना संपला की न वापरलेले तास संपतात. दिवाळीच्या महिन्यात बैठका होत नाहीत, त्याआधीच्या महिन्यात एकामागून एक होतात. अशा धंद्यात डेडिकेटेडचे पाच तास म्हणजे दर महिन्याचे 2,000 रुपये, असं धरणं चुकीचं ठरतं. सुन्या महिन्यात त्यांचं मोल शून्य. रद्द केलेल्या बुकिंगचंही विचारून ठेवा. आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तरच क्रेडिट परत मिळतात असा नियम असेल आणि तुमचे ग्राहक सकाळी फोन करून आज जमणार नाही म्हणणारे असतील, तर न वापरलेल्या तासांचेही पैसे जातील.

डे पासच्या पॅकची मुदत हा आणखी एक सापळा, आणि तो कमी येणाऱ्यांना जास्त लागतो. समजा, कुणी महिन्यातून चारच दिवस येतो आणि 4,000 चं दहाचं पॅक घेतो. मुदत 60 दिवसांची आहे. तेवढ्यात तो आठ दिवस येतो, दोन पास वाया जातात, म्हणजे एक दिवस 500 रुपयांना पडला. सुटे पास घेतले असते तर आठ दिवसांचे 3,600 झाले असते. सवलतीचं पॅक घेऊन तो 400 रुपयांनी महागात गेला. पॅक घेण्याआधी मुदतीत आपण खरोखर किती वेळा येऊ हे कॅलेंडर समोर ठेवून मोजावं, मनात धरलेल्या उत्साहावरून नाही. काही साखळ्यांमध्ये हेच क्रेडिट अनेक शाखांत चालतात, पण मोक्याच्या शाखेत एका दिवसाला एकाऐवजी दीड किंवा दोन जातात. बाणेरला घेतलेलं पॅक वांद्रे-कुर्ला संकुलात किती दिवस पुरेल, हे आधीच विचारलेलं बरं.

आता हॉट डेस्क आणि डेडिकेटेड यांच्यातला फरक पाहू. आपल्या उदाहरणात महिन्याला पाच किंवा त्याहून जास्त तास खोली लागली की दोघांतला फरक कायम 1,300 रुपयांचा राहतो. हॉट डेस्कवाल्याने 500 रुपये देऊन लॉकर घेतला तर तो 800 वर येतो. प्रश्न मग एवढाच उरतो की आपली ठरलेली खुर्ची 800 रुपयांची आहे का. याचं उत्तर कामाच्या सामानावर ठरतं. मोठ्या मॉनिटरवर रोज ड्रॉइंग काढणाऱ्याला तो ने-आण करता येत नाही. लॅमिनेटची शेड कार्ड, टाइल्सचे नमुने, कापडाचे तुकडे एवढा पसारा लॉकरमध्ये मावत नाही. उलट नुसत्या लॅपटॉपवर लिहिणाऱ्याला, हिशोब ठेवणाऱ्याला किंवा कोड लिहिणाऱ्याला ठरलेल्या टेबलाचा फायदा थोडाच.

पण हॉट डेस्कची एक अडचण पैशांत दिसत नाही. सगळे सभासद एकाच दिवशी येत नाहीत, या हिशोबावर चालक खुर्च्यांपेक्षा जास्त सभासद घेतात. यात फसवणूक नाही, त्याशिवाय हा भाव परवडणारच नाही. पण सगळे आठवडाभर सारखे विखुरलेले नसतात. सोमवारी आणि शुक्रवारी घरी थांबणारे बरेच असल्यामुळे मंगळवार ते गुरुवार गर्दी होते. चालक जागा दाखवायला बोलावतात ते सोयीच्या वेळी, आणि तेव्हा हॉल छान मोकळा दिसतो. तुम्ही मात्र मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास न सांगता जा. मोकळ्या खुर्च्या किती आहेत, त्यांतल्या किती प्लगजवळ आहेत, फोन बूथबाहेर कुणी वाट पाहत उभं आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. मग बुकिंगच्या अ‍ॅपवर पुढच्या तीन दिवसांत सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळांत मीटिंग रूम मोकळी दिसते का, ते पाहा. सगळे चौकोन भरलेले असतील तर तुमचे मोफत तास कागदावरच राहणार. ग्राहक दुपारी अडीचला यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी.

पत्त्याचा विषय स्वतंत्र आहे. अनेकांना जीएसटी नोंदणीसाठी व्यवसायाचा पत्ता हवा असतो आणि त्यांना वाटतं, हॉट डेस्क घेतला की तो आपोआप मिळेल. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. नोंदणीसाठी जागेच्या वापराचा करार, चालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल लागतं. चालक ते वेगळे पैसे घेऊन देतात किंवा डेडिकेटेड आणि केबिनवाल्यांनाच देतात. पत्ता हवा असेल तर पैसे भरण्याआधी ही कागदपत्रं मिळतील असं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी होकारावर नोंदणीचा अर्ज करून ठेवायचा आणि मग कागदांसाठी मागे लागायचं, यात आठवडे जातात.

आता बाजूला ठेवलेला कर. आपल्या डिझायनरचा हॉट डेस्कचा 7,600 चा हिशोब 18 टक्के जीएसटी धरून 8,968 होतो. तिची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि तिने नोंदणी केली नसेल, तर हा कर तिच्या खर्चातच जातो. नोंदणी असेल तर चालकाच्या बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे भरलेला कर तिला तिच्या देण्यातून वजा करता येतो. यात एक गाठ आहे, आणि पावसाळ्यात महिनाभर गोव्यात जाऊन काम करणाऱ्यांना ती हमखास लागते. जागेच्या वापरावरचा कर साधारणपणे ती जागा ज्या राज्यात आहे तिथला धरला जातो. पणजीतल्या कोवर्किंगचं बिल गोव्याच्या कराने येईल, आणि नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर ती वजावट घेता येणार नाही. तिथले दर पाहताना कर खर्चात धरूनच तुलना करायची. आपल्या सीएकडून हे एकदा पक्कं करून घ्या.

राहिली बांधिलकी. हॉट डेस्क बहुधा महिन्यागणिक घेता-सोडता येतो. डेडिकेटेडला अनेकदा तीन किंवा सहा महिन्यांचा लॉक-इन, एक महिन्याची नोटीस आणि एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट असतं. तीन महिन्यांचा लॉक-इन घेऊन दुसऱ्या महिन्याअखेर सोडायची वेळ आली, तर तिसऱ्या महिन्याचे 8,500 आणि त्यावरचा कर न वापरता जातात. लॉकर धरून हॉट डेस्कवर वाचणारे 800 रुपये त्यापुढे काहीच नाहीत. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि त्यातून साफसफाई, चावी, रंग अशा नावाने काही कापलं जातं का, हे करारात वाचावं.

आपल्या डिझायनरला मी हॉट डेस्क आणि लॉकर सुचवेन. अर्ध्या तासाच्या टप्प्याच्या जागेत तिचा महिना 8,100 वर बसतो, कर धरून 9,558. ड्रॉइंगचं काम तिने घरच्या मॉनिटरवर करावं आणि ग्राहक, कारागीर, कोटेशन ही कामं त्या तीन दिवसांत उरकावीत. नमुन्यांपैकी त्या बैठकीला लागतील तेवढेच बरोबर न्यावेत. आठवड्यातून पाच दिवस जाण्याची वेळ आली, एखादा सहायक हाताखाली आला, किंवा नमुने पाहायला ग्राहक न सांगता येऊ लागले, तर डेडिकेटेडचे जादा पैसे वसूल होतील. तेव्हा लॉक-इन तीनऐवजी एक महिन्याचा करून मागावा. मधल्या रांगेतली टेबलं रिकामी पडलेली असतील तर चालक बरेचदा तयार होतो, आणि खिडकीजवळचं टेबल मागितलं तर होत नाही.